कुशिंगचं ऑपरेशन झालं आणि कॉर्टिसॉल १.३ आलं: हा आकडा कसा वाचायचा, आणि पुढे काय करायचं

पिट्युटरीचं ऑपरेशन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट येतो. कॉर्टिसॉलच्या आकड्यासमोर 'कमी' अशी खूण असते, आकडा ठळक छापलेला असतो, आणि नातेवाईक धावत येऊन विचारतात, "डॉक्टर, काही बिघडलं का?" या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. ज्यासाठी ऑपरेशन केलं तेच या आकड्यात दिसत असतं, म्हणून बातमी चांगली आहे. पण त्याच आकड्यामुळे पुढचं वर्षभर या माणसाच्या जिवाची वेगळी काळजी घ्यावी लागणार आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा धरायच्या, ते इथे क्रमाने सांगते. पेशंट, घरची मंडळी आणि जवळ एंडोक्रायनॉलॉजिस्ट नसलेले फॅमिली डॉक्टर, सगळ्यांना उपयोग व्हावा असा प्रयत्न आहे.

आधी कारण समजून घ्या

कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार होतं दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींमध्ये. त्यांना 'बनवा' असा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी देते, एसीटीएच नावाच्या संप्रेरकातून. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की पिट्युटरी हुकूम थांबवते.

कुशिंग डिसीजमध्ये पिट्युटरीत एसीटीएच बनवणारी एक छोटी गाठ होते. बहुतेक वेळा ती १० मिलिमीटरपेक्षा लहान असते, कधी ज्वारीच्या दाण्याएवढी. ही गाठ 'पुरे झालं' हा इशारा जवळपास ऐकतच नाही. ॲड्रिनल रात्रंदिवस कॉर्टिसॉल ओततात. चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे रुंद पट्टे उमटतात, मांड्यांतली ताकद जाते, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात. हार्वी कुशिंग यांनी या आजाराचा पिट्युटरीशी असलेला संबंध १९३२ साली मांडला.

आता खरा मुद्दा. गाठीच्या शेजारीच एसीटीएच बनवणाऱ्या निरोगी पेशीही असतात. कॉर्टिसॉल वर्षानुवर्षं जास्त राहिल्याने त्या गप्प बसतात, जणू झोपी जातात. गाठ पूर्ण निघाली की गाठीचा एसीटीएच बंद होतो आणि झोपलेल्या पेशी लगेच जागा घेऊ शकत नाहीत. हुकूम द्यायला कोणीच उरत नाही. म्हणून कॉर्टिसॉल कोसळतं. गाठीचा थोडा भाग जरी मागे राहिला, तरी तो एसीटीएच बनवत राहतो आणि कॉर्टिसॉल इतकं खाली जात नाही. तळाला गेलेला आकडा म्हणूनच गाठ निघाल्याची साक्ष देतो.

ऑपरेशनआधी फाइलमध्ये काय असावं

कॉर्टिसॉल खरंच जास्त आहे हे दोन वेगवेगळ्या तपासण्यांनी ठरलेलं हवं: रात्री एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घेऊन सकाळी केलेली चाचणी (आकडा १.८ च्या खाली यायला हवा, तो येत नाही), २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, किंवा रात्री उशिरा घेतलेल्या लाळेतलं कॉर्टिसॉल. मग एसीटीएच. ते दबलेलं नसेल तर दोष ॲड्रिनलचा नाही, वरून हुकूम येतोय. मग पिट्युटरीचा एमआरआय. त्यात गाठ स्पष्ट आणि मोठी दिसली तर ठीक. ६ मिलिमीटरपेक्षा लहान असेल किंवा काहीच दिसत नसेल, तर जांघेतून नळी घालून पिट्युटरीजवळच्या शिरांमधलं रक्त तपासावं लागतं, कारण असाच एसीटीएच कधी फुप्फुसातल्या छोट्या गाठीतूनही येतो. एमआरआयमध्ये काही दिसत नाही म्हणजे आजार नाही, असा अर्थ कधीही काढू नका.

एक गोष्ट आवर्जून लिहून ठेवा: ऑपरेशनच्या आधी कीटोकोनॅझोलसारखी कॉर्टिसॉल कमी करणारी गोळी चालू होती का, किती दिवस, शेवटची कधी घेतली. ती महिनोन्महिने चालू राहून कॉर्टिसॉल ताब्यात आलं असेल, तर झोपलेल्या निरोगी पेशी आधीच जाग्या झालेल्या असू शकतात. मग गाठ पूर्ण निघूनही आकडा तळाला जाणार नाही. आणि गोळीचा अंमल अजून बाकी असेल तर उलट होतं: आकडा खाली दिसेल, पण तो गोळीमुळे.

नाकातून गाठीपर्यंत

ऑपरेशनला ट्रान्सस्फिनॉइडल म्हणतात. नाकपुडीतून दुर्बीण आत जाते, मागच्या स्फिनॉइड नावाच्या पोकळीतून पिट्युटरीच्या हाडाच्या खोबणीपर्यंत पोचते. तिथलं पातळ हाड काढतात, मेंदूचं आवरण उघडतात, आणि गाठ तिच्या भोवतालच्या पातळ पदरासकट सोडवतात, निरोगी ग्रंथी शक्य तितकी राखून. कवटी उघडावी लागत नाही. सूक्ष्मदर्शक लावून फक्त छोटी गाठ वेचून काढण्याची पद्धत १९६० च्या दशकात माँट्रियलमध्ये जूल्स हार्डी यांनी रुळवली. आज बहुतेक ठिकाणी एंडोस्कोप वापरतात. पण यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. अशी ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन शोधण्यासाठी दोन महिने थांबावं लागलं आणि पुण्या-मुंबईला जावं लागलं, तरी जा. लहान गाठीत जाणत्या हातांनी दहातल्या साधारण सात-आठ जणांना आराम पडतो. मोठ्या गाठीत हे प्रमाण बरंच कमी असतं.

काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत 'गाठ सापडली नाही' असं आलं तरी लगेच खचू नका. इतकी बारीक गाठ सक्शनमध्येही जाऊ शकते. निकाल कॉर्टिसॉल देतं.

पहिले तीन दिवस

इथे रुग्णालयांच्या दोन पद्धती आहेत. काही ठिकाणी ऑपरेशनच्या वेळेपासूनच हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड देतात आणि नंतर एक दिवस ते थांबवून तपासतात. काही ठिकाणी स्टेरॉइड मुद्दाम देत नाहीत, दर सहा तासांनी कॉर्टिसॉल मोजतात आणि पेशंटवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. मला दुसरी पद्धत जास्त पटते, कारण तिच्यात उत्तर लवकर आणि स्वच्छ मिळतं. पण रात्री दोन वाजता रिपोर्ट देणारी लॅब आणि तो वाचणारा डॉक्टर हजर असेल तरच. नसेल तर पहिली पद्धत सुरक्षित.

एक उदाहरण धरू. कराडजवळच्या गावातल्या ३६ वर्षांच्या शिक्षिका, त्यांना सुनंदाताई म्हणू. गाठ ५ मिलिमीटरची, ऑपरेशन दुपारी बाराला संपलं. संध्याकाळी सहाला कॉर्टिसॉल २४. हे ऑपरेशनच्या ताणामुळेही असतं, त्यावरून काही ठरवायचं नाही. रात्री बाराला १४. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ६.२, दुपारी ३.१, संध्याकाळी सहाला १.६. तोवर ताईंना मळमळायला लागलं, डोकं दुखू लागलं, अंगातलं त्राण गेलं. रक्तदाब १४० वरून १०४ वर आला. त्याच वेळी रक्ताचा आणखी एक नमुना घेतला आणि लगेच शिरेतून ५० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिलं. त्या नमुन्याचं कॉर्टिसॉल १.३ आलं.

इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी रक्त, मग इंजेक्शन. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच, त्यामुळे आधी इंजेक्शन दिलं तर मशीन तेच मोजतं आणि आकडा वाया जातो. पण पेशंट ढासळत असेल तर रिपोर्टची वाट पाहत औषध कधीही अडवू नका. नमुना घ्यायला एक मिनिट लागतं, तेवढंच थांबायचं.

आकडा वाचताना

सगळ्यात आधी एकक बघा. आपल्याकडच्या बहुतेक लॅब मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आकडा देतात, काही नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्याला २७.६ ने गुणलं की दुसरा मिळतो. म्हणजे २ आणि ५५ हे एकच आहेत. इथले सगळे आकडे पहिल्या एककातले आहेत. ५५ वाचून 'अजून जास्तच आहे' म्हणत रडणारं कुटुंब मी पाहिलंय.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात सकाळचं कॉर्टिसॉल ५ च्या खाली गेलं तर आजार आटोक्यात आला असं धरतात. २ च्या खाली गेलं तर खात्री बरीच वाढते, आणि अशा लोकांत दहा वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास राहतं. सुनंदाताईंचे १.६ आणि १.३ याच गटातले. २ ते ५ च्या मधला माणूसही बहुधा बरा झालेला असतो, फक्त त्याच्यावर पुढे जरा बारकाईने लक्ष ठेवायचं. ५ च्या वर राहिलं तर घाईने निकाल लावायचा नाही. थोड्या लोकांत कॉर्टिसॉल काही आठवड्यांत हळूहळू उतरतं. लघवीतलं कॉर्टिसॉल सोबत तपासायचं आणि साधारण सहा आठवड्यांपर्यंत चित्र बघायचं. तरीही उतरलं नाही तर दुसरं ऑपरेशन, औषधं किंवा रेडिएशन यांचा विचार येतो.

खाली गेलेला आकडा काही वेळा फसवतो. भूल देताना उलटी होऊ नये म्हणून किंवा सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन दिलेलं असतं. मशीन ते मोजत नाही, पण ते पिट्युटरीला दाबतं. प्रेडनिसोलोन तर अनेक मशीन कॉर्टिसॉल म्हणूनच मोजतात, तिथे आकडा खोटाच वर दिसतो. गर्भनिरोधक गोळ्यांनीही एकूण कॉर्टिसॉल वर दिसतं. म्हणून भूलतज्ज्ञांनी काय दिलं ते डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.

आणखी एक शक्यता जास्त महत्त्वाची आहे. गाठ शोधताना पिट्युटरीचा बराच भाग काढावा लागला असेल किंवा ग्रंथीला इजा झाली असेल, तरीही कॉर्टिसॉल तळाला जातं. ते झोपलेल्या पेशींमुळे नव्हे, पेशीच उरल्या नाहीत म्हणून. हे वेगळं ओळखण्यासाठी काही आठवड्यांनी थायरॉइडचं टी-फोर (फक्त टीएसएच इथे पुरत नाही), पाळीचं चक्र किंवा पुरुषांत टेस्टोस्टेरॉन बघतात. बाकी सगळी संप्रेरकं शाबूत आणि फक्त कॉर्टिसॉल कमी, हे चित्र गाठ नेमकी निघाल्याचं.

गोळ्या, मीठ आणि साखर

सुनंदाताईंना घरी जाताना हायड्रोकॉर्टिसोन सकाळी उठल्या उठल्या १५, दुपारी ५ आणि चार वाजता ५ मिलिग्रॅम अशी दिली. काही आठवड्यांनी ती १०-५-५ वर आणली. चारनंतर डोस नको, झोप मोडते. फ्लुड्रोकॉर्टिसोन सहसा लागत नाही, कारण मीठ सांभाळणारं अल्डोस्टेरॉन पिट्युटरीच्या हुकमावर फारसं अवलंबून नसतं.

तरीही रक्तातलं सोडियम घसरतं, आणि नेमकं घरी गेल्यावर. पहिल्या एक-दोन दिवसांत काहींना भरमसाठ लघवी होते आणि तहान लागते. त्यानंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात उलटं होतं: शरीर पाणी धरून ठेवतं आणि सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं कॉर्टिसॉल कमी पडल्यासारखीच दिसतात. म्हणून सातव्या दिवसाच्या सुमारास सोडियम तपासायचंच, गावातल्या लॅबमध्ये होतं. ताईंचं १३३ आलं. पाणी थोडं बेतानं प्यायला सांगितलं आणि दोन दिवसांनी परत तपासलं, तोवर सावरलं होतं. शेजारपाजारचे 'अशक्तपणा आहे, भरपूर पाणी आणि शहाळं पी' म्हणतात, ते या आठवड्यात ऐकू नका.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या जुन्याच मात्रेत चालू ठेवणं ही मी पाहिलेली सर्वांत महागात पडणारी चूक. कॉर्टिसॉल गेलं की इन्सुलिनची गरज दिवसांत कमी होते. जुनं युनिट टोचत राहिलं तर पहाटे साखर पडते. पोटॅशियमची पावडर आणि स्पायरोनोलॅक्टोन यांचंही तसंच. डिस्चार्जच्या दिवशी प्रत्येक जुन्या गोळीवर बोट ठेवून विचारा: ही आता किती?

खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं, चवीला खारट टपकलं तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. ताबडतोब सर्जनला कळवा. आणि एका पायाची पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला तर थांबू नका. कुशिंगमध्ये रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका ऑपरेशननंतरही काही आठवडे असतो.

'बरं झालं म्हणता, मग मला इतकं वाईट का वाटतंय?'

तिसऱ्या आठवड्यात ताईंनी हा प्रश्न विचारला आणि त्या रडल्या. गुडघे आणि मनगटं दुखत होती, हातांची साल निघत होती, भूक मेली होती, सकाळी पलंगावरून उठवत नव्हतं. गोळ्या नियमित चालू होत्या, सोडियम नीट होतं, रक्तदाब नीट होता. हे स्टेरॉइड कमी होण्याचं दुखणं. वर्षानुवर्षं शरीराला जास्त कॉर्टिसॉलची सवय लागलेली असते, म्हणून नेहमीची गरजेपुरती मात्रासुद्धा त्याला तोकडी वाटते. घरातले म्हणतात 'आता तर बरी आहेस ना', आणि माणूस एकटा पडतो. हे आधीच सांगून ठेवलं तर निम्मा भार हलका होतो.

मात्रा थोडी वाढवून मग सावकाश उतरवता येते. पण बरं वाटतं म्हणून ती तशीच चढी ठेवली, तर निरोगी पेशी जाग्या व्हायला आणखी उशीर होतो. उलट्या, चक्कर येऊन पडणं किंवा गुंगी मात्र या दुखण्यात बसत नाही. तिथे खरोखर औषध कमी पडतंय असं समजायचं.

ताप आला तर

निरोगी शरीर आजारपणात कॉर्टिसॉल वाढवतं. या माणसाचं वाढत नाही, म्हणून ते बाहेरून द्यायचं. ताप असेल तर तो असेपर्यंत रोजची मात्रा दुप्पट, जास्त ताप असेल तर तिप्पट. उलट्या-जुलाबात गोळी पोटात टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दंडात किंवा मांडीत टोचायचं आणि मग हॉस्पिटल गाठायचं, हॉस्पिटल गाठून मग टोचायचं असं नव्हे. दोन कुप्या, सिरिंज आणि मिसळायचं पाणी घरात ठेवा आणि घरातल्या एकाला टोचायला शिकवा. ताईंच्या यजमानांनी संत्र्यावर सराव केला. पर्समध्ये मराठीत आणि इंग्रजीत चिठ्ठी असू द्या: 'पिट्युटरी ऑपरेशन झालं आहे, शरीरात कॉर्टिसॉल तयार होत नाही, आणीबाणीत आधी १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन द्या.' दात काढायचा असला तरी दंतवैद्यांना ती दाखवायची.

पेशी कधी जाग्या होतात

बहुतेकांत सहा महिने ते दीड वर्ष, काहींत त्याहूनही जास्त. तपासायचं असं: आदल्या दिवशी दुपारनंतर गोळी घ्यायची नाही, सकाळी आठला गोळीआधी रक्त द्यायचं आणि लगेच गोळी घ्यायची. ताईंचे आकडे तीन महिन्यांनी १.९, सहाला ४.४, दहाला ८.१, तेराव्या महिन्यात ११.५ असे आले. ५ च्या खाली गोळी चालूच ठेवायची. मधल्या आकड्यांत एसीटीएच टोचून ॲड्रिनल किती साथ देतात ते बघतात. भारतात त्यासाठी ॲक्टन प्रोलाँगेटम हे इंजेक्शन वापरलं जातं. ताईंचं कॉर्टिसॉल त्यानंतर १९.६ पर्यंत चढलं, नेहमीची रेषा साधारण १८ ची. रोजची गोळी बंद झाली, तापातली मात्र आणखी काही महिने राखून ठेवली.

ही चाचणी ऑपरेशननंतर लगेच करण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षं हाकलल्याने ॲड्रिनल फुगलेल्या असतात. बाहेरून एसीटीएच मिळालं की त्या जोरात उत्तर देतात, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. खरा दोष वरचा असतो, तो या चाचणीत दिसतच नाही.

आणि कॉर्टिसॉल फार लवकर, समजा दोन-तीन महिन्यांतच, दणकट वर आलं तर आनंदाआधी शंका घ्या. निरोगी पेशी इतक्या लवकर क्वचितच सावरतात; मागे राहिलेली गाठ जागी झालेली असू शकते. गोळी बंद झाल्यावर दरवर्षी रात्रीच्या लाळेतलं कॉर्टिसॉल किंवा एक मिलिग्रॅमची चाचणी करायची, आणि हे जन्मभर. परतीच्या आजारात लाळेतला रात्रीचा आकडा सहसा आधी बिघडतो, लघवीतला नंतर. आजार परतणाऱ्यांतले साधारण निम्मे पहिल्या पाच वर्षांनंतर सापडतात, म्हणून पाचव्या वर्षी सुट्टी देता येत नाही. ताईंची दोन रात्रींची लाळ दर जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, पुण्याच्या लॅबला जाते.